लाव्हाच्या पलीकडचे ज्वालामुखी: पायरोक्लास्टिक प्रवाह, राखवृष्टी आणि लाहार यांच्यासाठी तयारी कशी करावी

ज्वालामुखी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तांबडालाल लाव्हा येतो. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट रोज पाहणाऱ्या मराठी माणसाच्या बाबतीत तर ते स्वाभाविकच आहे, कारण आपल्या पायाखालची जमीनच लाव्हाच्या थरांची बनलेली आहे. परंतु पुणे जिल्ह्यात बोरी येथे कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीय राखेचाही एक थर आढळतो आणि ती राख हजारो किलोमीटर दूर असलेल्या सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची मानली जाते. लाव्हा जिथे बाहेर पडतो त्याच परिसरात थांबतो आणि बहुतेक वेळा माणूस चालत त्याच्यापासून दूर जाऊ शकतो. घरे आणि शेते जातात, पण माणसे सहसा वाचतात. माणसे मरतात ती प्रामुख्याने अन्य तीन गोष्टींमुळे: पायरोक्लास्टिक प्रवाह म्हणजे तप्त राख, खडक आणि वायूंचा लोंढा, राखवृष्टी, आणि लाहार म्हणजे नदीतून येणारा राख-चिखलाचा लोंढा.

आपत्ती-सज्जतेच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करावी. या तिन्ही धोक्यांपासून बचावाच्या दिशा वेगवेगळ्या आहेत. पायरोक्लास्टिक प्रवाहापासून फक्त अंतर वाचवते, तेही आधीच गाठलेले. लाहारपासून उंची वाचवते. राखेपासून छप्पर वाचवते, मात्र ते वजन पेलणारे असले तरच. एका धोक्यासाठी अगदी योग्य असलेली सूचना दुसऱ्या धोक्यात जीवघेणी ठरू शकते आणि तसे प्रत्यक्षात घडलेलेही आहे. म्हणून इथे फिलिपिन्समधील पिनाटुबो हे उदाहरण घेऊन क्रमाने जाऊ, कारण १९९१ साली तिथे हे तिन्ही धोके एकाच डोंगरावरून आले. सूचना एकमेकींशी कुठे भांडतात हे पाहण्यासाठी नंतर कोलंबियातील आर्मेरो शहराकडे वळू.

पहिली पायरी: नकाशा, आणि त्यावर आधी नद्या

पिनाटुबो लुझोन बेटावर मनिलाच्या वायव्येस सुमारे ९० किलोमीटरवर आहे. १९९१ पूर्वी तो सुमारे पाचशे वर्षे शांत होता. दाट झाडीने झाकलेल्या त्या डोंगरावर आएटा आदिवासींची वस्ती होती. २ एप्रिल १९९१ रोजी तिथे वाफेचे स्फोट झाले, तेव्हा फिलिपिन्सची ज्वालामुखी संस्था फिव्होल्क्स आणि अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पथक यांनी भूकंपमापक बसवण्याबरोबरच आणखी एक काम हाती घेतले. त्यांनी डोंगराभोवतीच्या दऱ्यांमधले जुने थर तपासले. पूर्वीचे पायरोक्लास्टिक प्रवाह कुठवर पोहोचले होते, हे त्या थरांवरून कळले. त्यांत सापडलेल्या कोळशाचे वय मोजल्यावर मोठे उद्रेक केव्हा झाले होते, याचाही अंदाज आला. यावरून मे महिन्यात जो धोक्याचा नकाशा तयार झाला, तो पुढे प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींशी बराच जुळला.

कोणत्याही ज्वालामुखीसाठी तयारी करताना याच क्रमाने जावे. नकाशावर शिखर दाखवा आणि त्यावरून खाली येणारी प्रत्येक नदी, ओढा आणि कोरडी घळ समुद्रापर्यंत किंवा सपाटीपर्यंत रेखाटा. नंतर शिखराभोवती वर्तुळे काढा. पुष्कळ शिकाऊ मंडळी फक्त वर्तुळे काढून थांबतात आणि चूक तिथेच होते. वर्तुळ हे पायरोक्लास्टिक प्रवाहासाठी ठीक आहे. लाहार मात्र वर्तुळ पाळत नाही, तो नदी पाळतो. राख वर्तुळही पाळत नाही आणि नदीही पाळत नाही. ती वाऱ्यामागे जाते. म्हणजे एकाच नकाशावर तीन वेगळ्या आकृत्या हव्यात. आपले गाव, शाळा, छावणी किंवा दवाखाना या तिन्हींपैकी कोणकोणत्या आकृतीत येतो, हे त्या जागेच्या नावापुढे लिहून ठेवावे.

दुसरी पायरी: पायरोक्लास्टिक प्रवाह

मराठी परिभाषेत ज्याला अग्निदलिक म्हणतात, अशा तप्त खडकांच्या तुकड्यांचा, राखेचा आणि वायूंचा हा लोंढा असतो. त्याचे तापमान साधारण २०० ते ७०० अंश सेल्सिअस असते आणि वेग ताशी ८० किलोमीटरपेक्षा अधिक, कित्येकदा त्याच्या अनेक पटींनी. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीला धरून उतारावरून धावतो. विवरात वाढणारा घट्ट लाव्हाचा घुमट कोसळल्याने तो निर्माण होतो किंवा आकाशात चढलेला राखेचा स्तंभ स्वतःच्या वजनाने खाली आल्यानेही. त्याच्यासमोर धावणे, गाडी पळवणे किंवा घरात दार लावून बसणे यांपैकी कशाचाही भरवसा धरता येत नाही. १९०२ साली मार्टिनिक बेटावरील सेंट-पिएर शहरात माँ पेले ज्वालामुखीच्या अशाच प्रवाहाने सुमारे २८,००० माणसे काही मिनिटांत मारली.

या प्रवाहाचे दोन भाग असतात आणि दुसऱ्या भागाकडे दुर्लक्ष होते. खालचा दाट भाग दरीतून जातो. वरचा विरळ, धुळीचा आणि वायूचा भाग मात्र दरीचे वळण सोडून सरळ जाऊ शकतो आणि कड्यावर चढू शकतो. ३ जून १९९१ रोजी जपानमधील उन्झेन ज्वालामुखीवर हेच झाले. दाट प्रवाह दरीतून वळला, परंतु विरळ लोट वरच्या बाजूच्या जागेवर पोहोचला आणि तिथे असलेली ४३ माणसे त्यात गेली. त्यांत मॉरिस आणि कात्या क्राफ्ट हे ज्वालामुखी-अभ्यासक दांपत्यही होते. पिनाटुबोजवळच्या अधिकाऱ्यांना हा धोका पटवून देण्यासाठी जी चित्रफीत दाखवली जात होती, ती मॉरिस क्राफ्ट यांनीच तयार केलेली होती. ज्या माणसाच्या चित्रणामुळे हजारो लोक वेळेत उठले, तो स्वतः त्याच धोक्यात गेला, हे शिकवताना मला दर वेळी जड जाते. यातून घ्यायचा व्यावहारिक मुद्दा असा की पायरोक्लास्टिक प्रवाहाच्या बाबतीत ‘आम्ही दरीत नाही, वर आहोत’ हे कारण पुरेसे नसते.

म्हणून इथे तयारी म्हणजे स्फोटापूर्वीचे स्थलांतर, आणि स्थलांतर म्हणजे आधी ठरवलेल्या इशारा-पातळ्या. पिनाटुबोसाठी पाच पातळ्या केल्या होत्या. तिसरीचा अर्थ दोन आठवड्यांत उद्रेक शक्य, चौथीचा २४ तासांत शक्य आणि पाचवीचा उद्रेक सुरू. प्रत्येक पातळीला कोण कुठून निघणार, हे जोडलेले होते. ५ जूनला तिसरी, ७ जूनला चौथी आणि ९ जूनला पाचवी पातळी जाहीर झाली. रिकामे करायचे वर्तुळ १० किलोमीटरवरून २० वर, १२ जूनला ३० वर आणि १५ जूनला, मुख्य उद्रेकाच्या दिवशी, ४० वर गेले. १० जूनला क्लार्क या अमेरिकी हवाई तळावरून सुमारे १४,५०० माणसे हलवली गेली. या साऱ्यामुळे किमान ५००० जीव वाचले, असा अंदाज आहे. प्रत्यक्षात १५ जूनचे प्रवाह शिखरापासून सुमारे १६ किलोमीटरपर्यंत पोहोचले आणि काही दऱ्यांमध्ये त्यांचा थर २०० मीटरपर्यंत साचला.

यातली सर्वांत अवघड जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे. मेच्या अखेरीस डोंगरातून बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड दिवसाला ५००० टनांवर गेला होता, आणि मग जूनच्या सुरुवातीस तो एकदम काही शे टनांवर आला. घटलेला आकडा पाहून कोणालाही हायसे वाटेल. परंतु त्याच वेळी भूकंप कमी झालेले नव्हते, म्हणून शास्त्रज्ञांनी वायूचा मार्ग बंद झाला असावा आणि आत दाब वाढत असावा, असा अर्थ लावला. एकच खूण घटली म्हणून पातळी खाली आणायची नाही. खुणा एकत्र वाचायच्या. त्यांच्या पद्धतीत पातळी उतरवण्यापूर्वी ठरावीक काळ थांबण्याचा नियमही होता, कारण मोठ्या स्फोटाआधी फसवी शांतता येऊ शकते. आपल्या आराखड्यात वर जाण्याच्या अटी लिहिल्या जातात, खाली येण्याच्या अटी मात्र राहून जातात. त्या जरूर लिहाव्यात.

तिसरी पायरी: राखवृष्टी, म्हणजे वजनाचा हिशेब

ज्वालामुखीय राख ही जळलेल्या लाकडाची राख नव्हे. ती खडकाची आणि काचेची बारीक, धारदार भुकटी असते. ती पाण्यात विरघळत नाही. दमेकऱ्यांना तिचा त्रास लवकर होतो आणि डोळे चुरचुरतात. पण पिनाटुबोच्या उद्रेकाच्या दिवशी सर्वाधिक बळी घेतले ते छपरांनी. १५ जूनला उद्रेकाचा जोर असतानाच युन्या नावाचे चक्रीवादळ तिथून गेले. पडणारी राख पावसात भिजली, छतांवर साचली, आणि त्यातच भूकंपाचे धक्के. सुमारे ३०० माणसे छते कोसळून मेली. क्लार्कमधून ज्यांना सुबिकच्या नौदल तळावर नेले, ती माणसे प्रवाहाच्या टप्प्याबाहेर होती. तरी राखेचा भार तिथेही पोहोचला आणि तिथलीही छते पडली.

हिशेब करून पाहू. चार मीटर बाय पाच मीटर अशी एक खोली घेऊ, म्हणजे २० चौरस मीटर छत. त्यावर १० सेंटिमीटर राख पडली तर ती २ घनमीटर झाली. नुकत्याच पडलेल्या कोरड्या राखेचे वजन जागेजागेला बदलते, पण घनमीटरला १००० किलो धरले तर छतावर २ टन आले. ती भिजली आणि १५०० किलो धरली तर ३ टन, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १५० किलो. जिथे माणसे वर जात नाहीत अशा पत्र्याच्या छतासाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण ७५ किलोचा भार धरलेला असतो. म्हणजे भिजलेली राख ५ सेंटिमीटर झाली की ही मर्यादा गाठली जाते. प्रत्यक्षात काही छते त्याहून जास्त पेलतात आणि गंजलेल्या, वाळवी लागलेल्या वाशांची छते त्याआधीच जातात.

म्हणून अंदाजावर न राहता मोजावे. घराबाहेर उघड्यावर एक सपाट फळी ठेवा. राख पडू लागल्यावर दर तासाला फळीवर १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा चौकोन आखून तेवढीच राख कलथ्याने खरवडून घ्या आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. आलेल्या वजनाला शंभराने गुणले की चौरस मीटरमागचा भार मिळतो. चौकोनात ४०० ग्रॅम निघाली तर छतावर चौरस मीटरमागे ४० किलो आहेत. पाऊस येणार असेल तर हा आकडा दीडपट धरून चाला.

छत साफ करायचे ते थर पातळ असतानाच, उद्रेकाची उसंत पाहून आणि दोघांनी मिळून. दोन्ही उतारांवरून सारखी राख काढावी, कारण एकच बाजू मोकळी केल्यास तिरपा भार येऊन छत पिळवटते. खराट्याने झाडण्यापूर्वी धूळ बसेल इतकाच पाण्याचा शिपका मारावा. नळीने पाणी सोडणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण त्याने छतावर वजन वाढते, पन्हळीत राख सिमेंटसारखी घट्ट बसते आणि तीच पुढे गटारात जाऊन ती तुंबते. म्हणून पन्हळीचा नळ आधीच सुटा करून ठेवावा. थर जाड झाला असेल तर छतावर चढू नये. त्या घरातून बाहेर पडून काँक्रीटच्या स्लॅबच्या इमारतीत जावे.

बाकीची तयारी थोडक्यात. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. तो नसेल तर जाड कापडाच्या घड्या काही प्रमाणात उपयोगी पडतात, मात्र कापड ओले केल्याने गाळण सुधारत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवाव्यात. विहिरी, हौद आणि जनावरांचे पाणी झाकावे, आणि चारा आत घ्यावा, कारण काही ज्वालामुखींच्या राखेत फ्लोराइड असते आणि त्याने गुरे मरतात. ओली राख वीज वाहू देते, त्यामुळे वीजवाहिन्यांच्या इन्सुलेटरवर ती बसली की पुरवठा खंडित होतो. म्हणून बॅटरीवर चालणारा रेडिओ हवाच.

चौथी पायरी: लाहार

लाहार हा जावामधला शब्द आहे. राख, खडक आणि पाणी यांचा ओल्या काँक्रीटसारखा लोंढा नदीच्या पात्रातून येतो, त्याला तो वापरतात. पुरासारखे दिसले तरी हे पाणी नव्हे. त्यात पोहता येत नाही, पाय रोवता येत नाहीत, आणि तो वाटेतले दगड-गोटे आणि काठाची माती उचलत जात असल्यामुळे खाली येता येता कित्येकदा आकाराने वाढतो. त्याच्या तोंडाशी मोठमोठे दगड असतात. पाणी कुठूनही मिळू शकते: शिखरावरचे बर्फ, विवरातले तळे किंवा नुसता पाऊस. उद्रेक झालाच पाहिजे असेही नाही. न्यूझीलंडमध्ये २४ डिसेंबर १९५३ रोजी रुआपेहूच्या विवरातले तळे फुटून आलेल्या लाहारने टांगीवाई येथील रेल्वेपूल नेला आणि १५१ माणसे मेली. त्या रात्री उद्रेक नव्हता.

आर्मेरोची गोष्ट इथे नीट पाहिली पाहिजे. नेवादो देल रुईझ हा बर्फाच्छादित ज्वालामुखी, आणि त्याच्या पायथ्याच्या बाजूला, नदीने मोजल्यास सुमारे ७४ किलोमीटरवर लागुनिया नदीकाठी हे शहर. ऑक्टोबर १९८५ मध्ये धोक्याचा नकाशा प्रसिद्ध झाला होता आणि त्यात आर्मेरो लाहारच्या वाटेवर दाखवलेले होते. १३ नोव्हेंबरला दुपारी तीनच्या सुमारास स्फोट झाला आणि संध्याकाळी शहरावर राख पडू लागली. लोकांना शांत राहायला आणि घरात थांबायला सांगण्यात आले. राखेसाठी ही सूचना बरोबरच होती. रात्री ९ वाजून ८ मिनिटांनी मोठा उद्रेक सुरू झाला, तप्त प्रवाहांनी शिखरावरचे बर्फ वितळवले आणि लाहार निघाले. साडेअकराच्या सुमारास ते आर्मेरोत पोहोचले. आधी नदीवरच्या अडलेल्या पाण्याचा लोट आला आणि त्यामागून चिखलाचा मुख्य लोंढा. शहरातल्या सुमारे २९,००० लोकांपैकी अंदाजे २०,००० गेले. चालत जाण्याच्या अंतरावर उंच जमीन होती.

वेळेचा हिशेब मांडा: सुमारे १४५ मिनिटांत ७४ किलोमीटर, म्हणजे ताशी ३० किलोमीटरच्या आसपास. दोन तासांहून अधिक वेळ हाताशी होता. तो राखेच्या सूचनेत गेला. जेव्हा मी हा प्रसंग शिकवतो तेव्हा विद्यार्थ्यांना एवढेच विचारतो: रात्री नऊ वाजता तुम्ही आर्मेरोत घरात आहात, बाहेर राख पडते आहे, वीज गेलेली आहे, तुमच्या आराखड्यातले कोणते वाक्य तुम्हाला घराबाहेर काढील? ते वाक्य आधी लिहिलेले नसेल तर त्या अंधारात सुचत नाही.

आपल्या गावासाठी हाच हिशेब असा करावा. नदीच्या वळणांसह शिखरापासूनचे अंतर मोजा आणि वेग ताशी ३० किलोमीटर धरा. तीव्र उताराच्या वरच्या भागात तो याहून बराच जास्त असतो, म्हणून शिखराजवळच्या गावांनी दुप्पट धरावा. गाव ३० किलोमीटरवर असेल तर एक तास मिळतो. त्यातून इशारा पोहोचायला लागणारा वेळ वजा करा, समजा १५ मिनिटे. घरातली माणसे जमवायला १० मिनिटे. राहिली ३५ मिनिटे. आता गावातल्या सर्वांत वृद्ध माणसाला बरोबर घेऊन, राखेच्या दिवशी दिसते तसे कमी दिसते आहे असे धरून, ठरलेल्या उंचवट्यापर्यंत एकदा प्रत्यक्ष चालून पाहा. ४० मिनिटे लागली तर इशाऱ्याची वाट पाहणे तुमच्यासाठी नाही. मोठा उद्रेक सुरू झाल्याचे कळताच निघायचे.

वाट निवडताना नदीच्या दिशेने खाली पळू नये, आडवे आणि वर जावे. पूल ओलांडावा लागणार असेल ती वाट बाद करावी. इशारायंत्रणा नसली तरी खुणा असतात. नदीचे पाणी अचानक दाट आणि गढूळ होते किंवा पाऊस असतानाही एकाएकी आटते, कारण वर कुठेतरी ते अडलेले असते. मग जड वाहनांचा ताफा येत असल्यासारखी घरघर ऐकू येते आणि जमीन थरथरते. आवाज ऐकू आला तेव्हा मिनिटे उरलेली असतात. पिनाटुबोभोवती पर्जन्यमापक आणि जमिनीचा कंप ओळखणारी यंत्रे बसवली होती, आणि त्याबरोबर वरच्या टप्प्यावर रेडिओ घेतलेली माणसेही पहाऱ्याला होती. यंत्र राखेने किंवा विजेने बंद पडते, त्यामुळे माणूस हवाच.

पाचवी पायरी: सूचना एकमेकींशी भिडल्या तर

राख पडत असताना घर नदीच्या पात्रालगत असेल, तर घरात थांबण्याची सूचना तुम्हाला लागू नाही. मास्क लावून, डोक्यावर घट्ट टोपी किंवा हेल्मेट घालून उंचावर जायचे. उंचावरचा निवारा पत्र्याचा असेल तर तो आधी बदलायचा, कारण लाहारपासून वाचून कोसळलेल्या छताखाली सापडण्यात काही अर्थ नाही. आणि तो उंचवटा पायरोक्लास्टिक प्रवाहाच्या वर्तुळात असेल तर तोही चालणार नाही. सोपा क्रम असा: आधी वर्तुळाबाहेर, मग नदीपासून वर, मग मजबूत छताखाली. या तीन अटी एकत्र पूर्ण करणारी जागा गावाजवळ नसेल, तर ते गाव पातळी तीनलाच रिकामे व्हायला हवे, हे आराखड्यात सरळ लिहावे.

छावण्यांचाही विचार यातच येतो. पिनाटुबोनंतर विस्थापित आएटा मुलांमध्ये गोवराची साथ आली आणि छावण्यांतल्या आजारांनी शेकडो जीव गेले. स्थलांतराच्या यादीत तंबू आणि तांदूळ यांच्याबरोबर गोवराची लस पहिल्या दिवसापासून असावी, आणि ती नाकारणाऱ्यांशी बोलण्यासाठी त्यांच्याच समाजातली माणसे हवीत.

परत जाण्याची घाई ही लाहारच्या बाबतीतली शेवटची चूक. १९९१ मध्ये डोंगरावर साचलेली सैल राख पुढची अनेक वर्षे प्रत्येक पावसाळ्यात खाली येत राहिली. पाम्पांगा प्रांतातील बाकोलोर गाव १९९५ मध्ये, म्हणजे उद्रेकानंतर चार वर्षांनी, लाहारखाली गेले. तिथले सान गिल्येर्मो चर्च आजही निम्मे, सुमारे सहा मीटर, जमिनीत आहे, आणि आत जायला पूर्वीच्या खिडक्यांचे दरवाजे केलेले आहेत. साचलेल्या गाळाने नद्यांची पात्रे भरून वर येतात आणि नदी वाट बदलते, त्यामुळे १९९१ चा नकाशा १९९५ मध्ये उपयोगी नव्हता. म्हणून दर पावसाळ्यानंतर नदीकाठ चालून पात्राची खोली नव्याने मोजावी, पहिल्या पायरीतली लाहारची आकृती पुन्हा काढावी, आणि काठापासून पात्राची खोली कमी झालेली दिसली की त्या वस्तीची उंचवट्याची वाट पुन्हा घड्याळ लावून चालून पाहावी.